टक् टक् होतंय, पण गॅस पेटत का नाही?

दिवाळीच्या आधी स्वयंपाकघर घासूनपुसून लख्ख होतं. जाळ्या निघतात, बर्नर भिजत पडतात, टोप्यांना चिंच लागते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चहाचं आधण ठेवायला नॉब फिरवला की शेगडी नुसतीच टक् टक् टक् करत राहते. गॅसचा वास येतो, आवाज येतो, ज्योत मात्र येत नाही. शेगड्या दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा, साफसफाईच्या दिवसांत त्याचा फोन थांबत नाही. यातल्या पुष्कळ शेगड्यांमध्ये बिघडलेलं काहीच नसतं. त्या ओल्या असतात.

आवाज येतोय म्हणजे स्पार्क चालू आहे आणि दोष गॅसमध्ये आहे, असा बहुतेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. नॉब दाबल्यावर येणारी ती टकटक खुद्द ठिणगीची असते. आकाशात वीज चमकली की तिच्या वाटेतली हवा क्षणात तापून फुगते आणि कडकडाट होतो, तसाच हा चिमुकला कडकडाट. म्हणजे आवाज आहे तर ठिणगी कुठेतरी पडते आहे. प्रश्न एवढाच की ती कुठे पडते आहे, आणि तिथे गॅस आहे का? हे कानाने कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं.

आधी शेगडीची जात ओळखायला हवी. ओट्यात बसवलेल्या हॉबमध्ये आणि अलीकडच्या काही काचेच्या शेगड्यांत नॉब दाबून धरला की टकटक चालू राहते. त्यांच्या पोटात एक छोटं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं आणि ते सेलवर किंवा भिंतीतल्या प्लगवर चालतं. दुसऱ्या प्रकारात नॉब फिरवताना एकदाच ‘खट्’ असा आवाज होतो. त्यात सेल नसतोच. आत स्फटिकासारख्या सिरॅमिकच्या तुकड्यावर एक हातोडी आपटते आणि त्या दाबातून वीज निर्माण होते. पिएर आणि जाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये हा गुणधर्म दाखवून दिला. आपल्या ओट्यावर पडलेला हातातला लायटर त्याच तत्त्वावर चालतो. एकदाच खट् करणारी शेगडी उलटी करून सेलचा डबा शोधण्यात अर्थ नाही. इथे चर्चा आहे ती सतत टकटकणाऱ्या शेगडीची.

तिच्या मॉड्यूलचं काम ऐकायला अचाट वाटतं. दीड व्होल्टचा एक सेल. त्यातली वीज आधी एका कपॅसिटरमध्ये साठते. पुरेशी साठली की ती एका झटक्यात छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून सोडली जाते आणि पलीकडे हजारो व्होल्ट तयार होतात. पुन्हा साठवण, पुन्हा झटका. प्रत्येक झटक्याला एक टक्. हा उच्च दाब जाड आवरणाच्या वायरमधून प्रत्येक बर्नरशेजारच्या एका दांडीकडे जातो. मेकॅनिक तिला इलेक्ट्रोड म्हणतात, काही जण नुसतंच प्लग म्हणतात. पांढऱ्या सिरॅमिकची नळी आणि तिच्यातून वर डोकावणारं धातूचं टोक, एवढंच तिचं रूप. त्या टोकापासून बर्नरच्या टोपीपर्यंत साधारण 3 ते 5 मिलिमीटरची मोकळी फट असते. कोरड्या हवेत दर मिलिमीटरला ढोबळमानाने 3 हजार व्होल्ट लागतात, म्हणून एवढ्या दाबाची गरज पडते.

सिरॅमिकची नळी तिथे शोभेला नाही. विजेने वाटेत कुठेही न उतरता थेट टोकापर्यंत जावं आणि तिथूनच टोपीवर उडी मारावी, यासाठी ती आहे. विजेला अर्थातच तसा आग्रह नसतो. तिला शेगडीच्या धातूच्या अंगाकडे जायचं असतं आणि जी वाट सोपी असेल ती ती धरते. ओलावा, करपलेला थर आणि तडा या तिन्हींमुळे तिला सोपी वाट मिळते. ठिणगी मग टोपीकडे जात नाही, नळीच्या पायथ्याशी ट्रेवरच उतरते. आवाज तोच येतो. पण तिथे गॅस नसतो.

आता दिवाळीच्या आदल्या दिवशी धुतलेल्या शेगडीकडे येऊ. समजा तीन बर्नरचा हॉब आहे. उजवीकडचे दोन बर्नर नीट पेटतात, डावीकडचा मोठा बर्नर नुसता टकटकतो. एका हॉबला सहसा एकच मॉड्यूल असतं, त्यामुळे कुठलाही नॉब दाबला तरी तिन्ही इलेक्ट्रोडवर ठिणग्या पडतात. तो बिघाड नाही, तशीच रचना असते. त्यामुळे दोन बर्नर झटकन पेटत असतील तर सेल आणि मॉड्यूल यांच्यावर पहिला संशय घ्यायचं कारण नाही. घरोघरी मात्र सगळ्यात आधी सेल बदलला जातो, कारण ते सोपं वाटतं.

पहिली परीक्षा काडीपेटीची. आधी काडी पेटवायची, ती बर्नरच्या कडेला धरायची आणि मगच नॉब फिरवायचा, हा जुना क्रम इथेही पाळायचा. डावा बर्नर काडीने पेटला आणि ज्योत गोल, निळी, सगळीकडे सारखी आली, तर गॅस ठीक आहे आणि दोष ठिणगीचा आहे. ज्योत एका बाजूला आली आणि इलेक्ट्रोडच्या बाजूला तुटक राहिली, तर तिथली भोकं बुजलेली आहेत. ठिणगी कितीही चांगली असली तरी तिच्यापर्यंत गॅस पोचत नाही.

ओल्या बर्नरमध्ये नेमकं हेच दुहेरी दुखणं असतं. भोकांमध्ये अडकलेला पाण्याचा थेंब क्षुल्लक दिसतो, पण तो गॅसला अडवू शकतो. रेग्युलेटरमधून गॅस दाबाने येतो खरा, पण तो दाब नॉबमागच्या बारीक जेटपाशीच खर्च होतो. पुढे हवा मिसळून टोपीच्या भोकांतून जे मिश्रण बाहेर पडतं, त्याला जवळजवळ जोर नसतो. पाण्याचा ताणलेला थेंब ते सहज थोपवतो. शिवाय हवेत एलपीजीचं प्रमाण साधारण 2 ते 9 टक्क्यांच्या दरम्यान असलं तरच ते पेट घेतं. इलेक्ट्रोडसमोरची दोन-तीन भोकं बंद असतील, तर ठिणगीच्या जागी एवढाही गॅस जमत नाही. तो पलीकडच्या बाजूने निघून जातो आणि नाकाला मात्र वास येतो.

दुसरं दुखणं विजेचं. शुद्ध पाणी विजेचं फारसं चांगलं वाहक नाही, पण शेगडीवरचं पाणी शुद्ध कधीच नसतं. पितळी टोपी चिंच-मिठाने किंवा लिंबाने घासली आणि घाईत विसळली, तर मिठाचा अंश मागे राहतो. भांडी घासायच्या साबणाचंही तेच. असा ओला, खारट थर सिरॅमिकवर चढला की वीज त्यावरूनच खाली उतरते. काही मॉड्यूलमध्ये एका बर्नरची ही गळती इतर बर्नरांची ठिणगीही मंद करते. कोकणात आणि मुंबईत भर पावसाळ्यात न धुताही हे होतं. रात्रभर थंड पडलेल्या शेगडीवर दमट हवेचं दव बसतं, पहिला चहा काडीने करावा लागतो आणि शेगडी तापली की दुपारी सगळं आपोआप सुरळीत होतं. सकाळी रुसणारी आणि दुपारी पेटणारी शेगडी बहुधा ओलाव्याची असते.

यावर उपाय म्हणजे वाळवणं, आणि ते नीट वाळवणं. टोपी काढून जोरात झटकायची, भोकांतलं पाणी कोरड्या फडक्यावर ठोकून काढायचं, खालच्या बाजूची खाचही पुसायची आणि तासभर उन्हात ठेवायची. घाई असेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा चालते. इलेक्ट्रोडची नळी आणि तिच्या भोवतालची ट्रेमधली जागा कोरड्या कापडाने टिपायची. तेही जमणार नसेल तर काडीने बर्नर पेटवून दहा-पंधरा मिनिटं मध्यम आचेवर ठेवला तरी उरलासुरला ओलावा उडून जातो. काचेचा हॉब गरम असताना त्यावर गार पाणी ओतून धुणं मात्र धोक्याचं आहे. काच तडकते, आणि ते पाणी झिरपत नॉबखालच्या स्विचपर्यंत जातं ते वेगळंच.

वाळलेला बर्नर परत बसवताना होणारी एक चूक इतकी सर्रास आहे की तिला वेगळा परिच्छेद द्यायला हवा. टोपीच्या बुडाला खाच किंवा बारीक खुंटी असते आणि ती खालच्या भागातल्या जागेत बसावी लागते. टोपी नुसती वर ठेवली तर दिसायला बसलेली वाटते, पण एक-दोन मिलिमीटर तिरकी राहते. एका बाजूला गॅस खालूनच निसटतो, दुसऱ्या बाजूला ठिणगीची फट वाढते. धुवायला तिन्ही टोप्या एकत्र काढल्या असतील, तर सारख्या दिसणाऱ्या दोन टोप्यांची अदलाबदलही होते. टोपी बोटांनी हलकेच गोल फिरवून पाहावी. ती आपल्या जागी बसली की अडते, पुढे फिरत नाही.

आपल्या तीन बर्नरच्या हॉबमध्ये टोपी वाळली, नीट बसली, काडीने ज्योतही छान आली, तरी डावा बर्नर टकटकतोच आहे असं धरू. आता अंधाराची परीक्षा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा, एक बर्नर काडीने पेटवून नळीतला उरलेला गॅस जळू द्यायचा. ज्योत विझली की तो नॉब बंद करायचा. मग स्वयंपाकघरातला दिवा मालवायचा, खिडकीचा पडदा ओढायचा आणि टोपीकडे पाहत नॉब दाबायचा. गॅस बंद असल्यामुळे आता कितीही वेळ पाहत बसायला हरकत नाही, आणि हे पाहणं खरोखर मजेचं असतं. निरोगी ठिणगी निळसर पांढरी, ठसठशीत असते आणि दर वेळी टोकापासून टोपीवर जाते. उजव्या दोन्ही बर्नरांवर ती तशी दिसते. डावीकडे मात्र टोकाशी अंधार आणि खाली नळीच्या मुळाशी अधूनमधून लुकलुक. वीज वाटेतच उतरते आहे.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. डावा मोठा बर्नर म्हणजे दुधाचा आणि कुकरचा बर्नर. दूध उतू जातं, कुकरच्या शिटीबरोबर डाळीचं पाणी उडतं, भाताची पेज ओघळते. दुधातली साखर आणि प्रथिनं गरम नळीवर करपतात आणि त्यांचा कोळसा होतो. कोळशातून वीज वाहते. पांढऱ्या नळीवर वरून खाली गेलेला तपकिरी-काळा ओघळ म्हणजे विजेसाठी काढलेली पायवाट. फोडणीच्या तेलाचा चिकट थर याच्या उलट वागतो. तो धातूच्या टोकावर बसतो आणि विजेला बाहेरच पडू देत नाही. एकाच इलेक्ट्रोडवर मळाचे असे दोन परस्परविरोधी परिणाम असतात, म्हणून टोक आणि नळी वेगवेगळी साफ करावी लागतात.

साफ करण्याआधी सेल काढायचा. विजेवर चालणारा हॉब असेल तर प्लग उपटायचा. इलेक्ट्रोडला हात लागलेला असताना चुकून नॉब दबला तर चांगलाच झटका बसतो, आणि झटक्याने हात काचेवर आपटतो. शेगडी पूर्ण गार हवी. नळीवर साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवलं की करपलेला थर मऊ होतो. मग जुन्या टूथब्रशने हळूहळू घासून काढायचा आणि साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसायचा. तारेची घासणी इथे अजिबात नको. ती सिरॅमिकवर धातूच्या करड्या रेघा ओढते, आणि त्या रेघा पुन्हा वीज खाली नेतात. स्वच्छ करायला जावं आणि नवी पायवाट आखून यावं, असा तो प्रकार होतो. धातूच्या टोकावरची काजळी मात्र बारीक पॉलिश पेपरने दोन-तीन वेळा हलकेच घासली तरी जाते. त्या वेळी दांडीला दुसऱ्या हाताचा आधार द्यायचा, कारण सिरॅमिक ठिसूळ असतं.

टोक वाकवून फट जुळवायचा मोह इथे अनेकांना होतो. टोक टोपीला टेकलं तर ठिणगीच पडत नाही, वीज सरळ वाहून जाते. फार लांब गेलं तर तिची उडी पोचत नाही. वाकवताना नळीला केसाएवढा तडा गेला, तर तो डोळ्यांना दिसतही नाही, पण अंधारात त्याच जागी ठिणगी चमकते. साफ आणि कोरड्या नळीच्या मध्येच जर लुकलुक दिसत असेल तर तडा गेला असं समजावं. त्यावर डिंक, टेप, एम-सील यांचा काही उपयोग नाही. इलेक्ट्रोड बदलायचा. तो फार महागाचा भाग नाही, पण आपल्याच मॉडेलचा लागतो, कारण लांबी आणि बसवायची क्लिप वेगवेगळी असते.

राहता राहिला सेल. त्याची लक्षणं एका बर्नरपुरती नसतात. तिन्ही बर्नर हळूहळू कुरकुरायला लागतात. आधी टकटकीची लय मंदावते, कारण दमलेल्या सेलला कपॅसिटर भरायला जास्त वेळ लागतो. सेकंदाला तीन-चार वेळा होणारा आवाज एकावर येतो. अंधारात पाहिलं तर ठिणगी बारीक, नारिंगी दिसते आणि मधूनच चुकते. इथे एक बारकावा आहे. सेल उतरायला लागला की सगळ्यात आधी रुसतो तो ज्याची फट मोठी किंवा टोक जास्त मळलेलं तो बर्नर. म्हणून एकच बर्नर बंद आहे एवढ्यावरून सेलला पूर्ण निर्दोष ठरवता येत नाही. लय ऐकायची. बाकीचे बर्नर झटकन पेटत असतील आणि टकटक भरभर होत असेल तरच सेल सुटला.

सेलची परीक्षाही घरात बहुधा चुकीची होते. हॉबमधला सेल काढतात, भिंतीवरच्या घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालून बघतात, ते चालतं, आणि सेल चांगला आहे असा निवाडा होतो. घड्याळाला अगदी थेंबाथेंबाने वीज लागते. स्पार्क मॉड्यूल ती घोटाघोटाने मागतं. जो सेल घड्याळ आणखी सहा महिने चालवेल, तो हॉबमध्ये गळून गेलेला असू शकतो. त्याची व्यवस्थित नोकरी बदलावी, म्हणजे हॉबमधून घड्याळात पाठवावं, हे काटकसरीच्या दृष्टीने उत्तम. मल्टिमीटर असेल तर तो नॉब दाबून धरलेल्या अवस्थेत लावायचा. आरामात बसलेला सेल 1.4 व्होल्ट दाखवतो आणि काम सुरू झालं की 1.1 वर घसरतो, तेव्हा त्याचे दिवस भरलेले असतात.

बऱ्याच हॉबना जुन्या टॉर्चमध्ये घालायचे तसा मोठा सेल लागतो, काहींना पेन्सिल सेल. त्याचा डबा ओट्याखाली, हॉबच्या बुडाला असतो. ट्रॉली पूर्ण ओढून काढल्याशिवाय तो दिसत नाही, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं कुणी त्याच्याकडे बघत नाही. स्वस्त साधा सेल तिथे संपून फुटतो आणि डब्यातल्या पट्ट्यांवर पांढरा-हिरवट थर चढतो. मग नवा सेल घातला तरी काही होत नाही आणि सगळे म्हणतात, मॉड्यूल गेलं. हातमोजे घालून तो थर कोरड्या ब्रशने झाडायचा, पट्टी पॉलिश पेपरने चकचकीत करायची आणि मग अल्कलाइन सेल घालायचा. अधिक-उणे टोकं जुळतात ना हे टॉर्च मारून पाहायचं. पुन्हापुन्हा चार्ज होणारे सेल 1.2 व्होल्टचे असतात. त्यांवर काही हॉब चालतात, काही अडखळतात.

दोन गोष्टी या दुखण्यासारख्या दिसतात, पण वेगळ्या आहेत. सिलिंडर बदलल्यावर नळीत हवा असते, ती निघेपर्यंत टकटक वाया जाते. आणि ज्या हॉबमध्ये ज्योत विझल्यावर गॅस बंद करणारी सुरक्षा यंत्रणा आहे, तिथे ज्योत पेटते पण नॉब सोडताच विझते. तो दोष ठिणगीचा नाही. नॉब काही सेकंद दाबून न धरल्यामुळे ते होतं, किंवा इलेक्ट्रोडशेजारची तापमान ओळखणारी दुसरी दांडी मळल्यामुळे.

या सगळ्या खटाटोपात धोका एकाच जागी आहे, तो म्हणजे पेटेल पेटेल म्हणून नॉब दाबून धरण्यात. चार-पाच सेकंदांत ज्योत आली नाही तर नॉब बंद करायचा, खिडकी उघडायची आणि एखाद-दोन मिनिटं थांबायचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, खाली उतरतो आणि हॉबच्या पोटात, ट्रॉलीत साचतो. उशिरा पडलेली एक चांगली ठिणगी मग त्या सगळ्या साठ्याला भेटते. वास दाटला असेल तर काडी नको, पंख्याचं किंवा चिमणीचं बटणही नको. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, आणि गळतीची शंका असेल तर बाहेर जाऊन 1906 या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचं.

घरच्या घरी करण्यासारखं इथे संपतं. नळी कोरडी आहे, साफ आहे, सेल नवा आहे, पट्ट्या चकचकीत आहेत आणि तरी एकाही टोकावर ठिणगी नाही, तर मॉड्यूल किंवा त्याची वायर गेली. काही वेळा उलटंही घडतं. नॉब बंद असतानाही शेगडी आपोआप टकटकत राहते, अगदी मध्यरात्रीसुद्धा. नॉबखालच्या छोट्या स्विचमध्ये पाणी शिरलेलं असतं. सेल काढून, नॉब उपसून ती जागा एक-दोन दिवस उघडी वाळू द्यायची आणि तोवर स्वयंपाक लायटरवर करायचा. त्यानंतरही टकटक सुरू राहिली तर मेकॅनिक सर्व नॉबांना जोडलेली स्विचची वायरच नवी बसवतो. त्याला बोलावताना मॉडेल क्रमांक सांगावा. तो बहुतेक हॉबच्या बुडाला चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो, आणि त्यासाठी पुन्हा एकदा ट्रॉली ओढून काढावी लागते.